ताऱ्यांच्या जीवनचक्रावर असाइनमेंट: व्याधाच्या जोडीला धरून कशी लिहावी

तेजोमेघ, मग तारा, मग तांबडा राक्षसी तारा, मग श्वेत बटू किंवा सुपरनोव्हा. या चार-पाच चौकटी बाणांनी जोडल्या, प्रत्येकीखाली दोन ओळी आणि इंटरनेटवरचं एक रंगीत चित्र चिकटवलं की असाइनमेंट झाली, असं बहुतेकांना वाटतं. तपासणाऱ्याने अशा चाळीस वह्या आधीच पाहिलेल्या असतात. चौकटी चुकीच्या नसतात. पण एका चौकटीतून पुढच्या चौकटीत तारा का जातो आणि दोन वाटांपैकी कोणती वाट कुणाला, हे त्या सांगत नाहीत. तोंडी परीक्षेत नेमकं तेवढंच विचारतात.

त्यामुळे सगळ्या ताऱ्यांबद्दल थोडं थोडं लिहिण्यापेक्षा एक खरी जोडी घ्या आणि सगळं तिच्याभोवती बांधा. माझ्या मते त्यासाठी व्याधाइतकी सोयीची जोडी दुसरी नाही. रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्याभोवती साध्या डोळ्यांना न दिसणारा एक श्वेत बटू फिरतो. मोठ्याला ‘व्याध अ’ आणि छोट्याला ‘व्याध ब’ म्हणू. ही असाइनमेंट नववीची असो की बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची, सांगाडा हाच ठेवता येतो. गणित किती खोल न्यायचं, एवढाच फरक.

पायरी १: आधी कोडं मांडा

पहिल्या पानावर व्याख्या लिहू नका, कोडं लिहा. व्याध अ आणि ब एकाच ढगातून, एकाच वेळी जन्मले. आज अ चं वस्तुमान सूर्याच्या दुप्पट आहे आणि ब चं जवळजवळ सूर्याइतकं, १.०२ पट. वस्तुमान जास्त तितकं आयुष्य कमी, असं प्रत्येक पुस्तक सांगतं. मग जड असलेला अ अजून भर तारुण्यात आणि हलका असलेला ब संपलेला, हे कसं? या एका प्रश्नाचं उत्तर देताना तेजोमेघापासून श्वेत बटूपर्यंतचा सगळा प्रवास आपोआप लिहून होतो.

कोड्याखाली इतिहासाच्या तीन ओळी पुरतात. व्याध आकाशात सरळ न सरकता किंचित नागमोडी सरकतो, म्हणजे कुणीतरी त्याला ओढतंय, असं बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १८४४ साली मांडलं. १८६२ साली अमेरिकेत नव्या दुर्बिणीची परीक्षा घेताना अल्व्हन ग्रॅहॅम क्लार्कला तो जोडीदार प्रत्यक्ष दिसला. दोघांना एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करायला सुमारे ५० वर्षं लागतात आणि या फेरीवरूनच त्यांची वस्तुमानं काढली आहेत. हे वाक्य गाळू नका. ‘ताऱ्याचं वस्तुमान कसं कळलं?’ हा तोंडी परीक्षेतला लाडका प्रश्न आहे.

पायरी २: जन्म एका पानात

तेजोमेघासाठी मृग नक्षत्रातलाच तेजोमेघ घ्या. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या खाली लटकणाऱ्या अंधूक ताऱ्यांच्या ओळीत मधे एक धूसर ठिपका दिसतो, तोच हा तेजोमेघ. अंतर सुमारे १३५० प्रकाशवर्षं.

इथे एक बारकावा लिहिलात तर वही वेगळी दिसेल. फोटोतला गुलाबी झगमगता भाग म्हणजे आधीच जन्मलेल्या तापट ताऱ्यांनी उजळवलेला वायू. नवे तारे बनतात ते त्याच्या मागच्या काळ्या, थंड ढगात. तिथलं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम दहा-वीस अंश असतं. थंडीच हवी, कारण गरम वायूचा दाब जास्त असतो आणि तो गुरुत्वाकर्षणाला ढग दाबू देत नाही. ढगाचा एखादा घट्ट भाग स्वतःच्याच वजनाने आकसू लागतो आणि आकसताना तापतो. या अवस्थेतला आदितारा चमकतो तो आकुंचनाच्या उष्णतेवर. केंद्रात तापमान एक कोटी अंशांच्या आसपास गेलं की हायड्रोजनच्या केंद्रकांचं संमीलन होऊन हेलियम बनू लागतो आणि तिथून तो तारा म्हणवला जातो.

बाहेर ढकलणारा दाब आणि आत ओढणारं गुरुत्वाकर्षण यांचा तोल इथे पहिल्यांदा जमतो. पुढची प्रत्येक अवस्था म्हणजे हा तोल कशाने बिघडला आणि पुन्हा कशाने सावरला, एवढंच आहे. प्रत्येक पानावर हेच दोन प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तर लिहा.

पायरी ३: आयुष्याचं गणित स्वतः करा

चिकटवलेल्या चित्रापेक्षा स्वतः केलेलं एक गणित जास्त बोलतं. ताऱ्याकडे इंधन किती, हे त्याच्या वस्तुमानावरून कळतं. ते तो किती वेगाने संपवतो, हे तेजस्वितेवरून. भागाकार केला की आयुष्य. सूर्याचं मुख्य क्रमावरचं, म्हणजे केंद्रात हायड्रोजनचं संमीलन चालू असतानाचं, आयुष्य सुमारे १००० कोटी वर्षं धरतात, म्हणून:

आयुष्य (कोटी वर्षांत) = १००० × वस्तुमान ÷ तेजस्विता

वस्तुमान आणि तेजस्विता दोन्ही सूर्याच्या पटीत घ्यायच्या.

| तारा | वस्तुमान | तेजस्विता | आयुष्य |
|---|---|---|---|
| सूर्य | १ | १ | १००० कोटी वर्षं |
| व्याध अ | २ | २५ | ८० कोटी वर्षं |
| ५ सूर्यांइतका तारा | ५ | सुमारे ५५० | सुमारे ९ कोटी वर्षं |

तिसऱ्या ओळीकडे नीट बघा. वस्तुमान पाचपट झालं, पण तेजस्विता साडेपाचशे पट. वजन जास्त म्हणून केंद्रावरचा दाब जास्त, त्यामुळे तापमान जास्त, आणि संमीलनाचा वेग तापमानाबरोबर भयंकर वाढतो. मोठा तारा लवकर मरतो तो यामुळे. इंधन त्याच्याकडे कमी नसतंच.

एककात मात्र हमखास गोंधळ होतो. इंग्रजी संकेतस्थळावरचा एक बिलियन म्हणजे १०० कोटी, आणि दहा मिलियन म्हणजे एक कोटी. सूर्याचं वय ४.६ बिलियन वर्षं, ते ४६० कोटी असं लिहायचं. ४६ कोटी लिहिलेल्या वह्या दरवर्षी निघतात.

पायरी ४: तांबडी अवस्था

केंद्रातला हायड्रोजन संपला की तिथली उष्णता बनणं थांबतं आणि केंद्र आकसू लागतं. आकसताना ते आणखी तापतं. त्यामुळे केंद्राभोवतीच्या थरातला हायड्रोजन जोरात पेटतो आणि बाहेरचं आवरण फुगतं. आत आकुंचन आणि बाहेर प्रसरण, दोन्ही एकाच वेळी. मुलं नेहमी यातलं एकच लिहितात. आवरण फुगून पृष्ठभाग थंड होतो म्हणून रंग तांबडा. ताऱ्यांच्या बाबतीत तांबडा म्हणजे थंड आणि निळसर म्हणजे तापट. नळाच्या तोट्यांवरच्या खुणांच्या बरोबर उलट.

उदाहरणाला रोहिणी द्या, तो असाच फुगलेला नारिंगी तारा आहे. पुढे केंद्र सुमारे दहा कोटी अंशांवर गेलं की हेलियमपासून कार्बन आणि ऑक्सिजन बनतात. सूर्यासारखा तारा याच्या पलीकडे जाऊ शकत नाही. त्याचं आवरण हळूहळू अवकाशात निघून जातं, काही काळ चमकत्या कड्यासारखं दिसतं, आणि मधे उरतो तो उघडा पडलेला गाभा, म्हणजे श्वेत बटू. या अवस्थेत स्फोट होत नाही. ‘सूर्याचा शेवटी स्फोट होईल’ हे वाक्य वहीत असेल तर आत्ताच खोडा.

पायरी ५: आता कोडं सोडवा

असाइनमेंटचा गाभा इथे आहे, म्हणून दोन पानं राखून ठेवा.

व्याध ब आज १.०२ सूर्यवस्तुमानाचा आहे, पण तो जन्मला तेव्हा सूर्याच्या पाच ते साडेपाच पट होता, असा हिशेब निघतो. म्हणजे जोडीतला जड तारा तोच होता. वरच्या तक्त्यानुसार त्याचं आयुष्य नऊ-दहा कोटी वर्षांत संपलं, तो फुगला, आणि चार सूर्यांहून जास्त वस्तुमान त्याने अवकाशात टाकून दिलं. उरलेला गाभा सुमारे १२-१३ कोटी वर्षं नुसता थंड होत पडला आहे. दोन्हींची बेरीज बावीस-तेवीस कोटी वर्षं येते. व्याध अ ला ८० कोटींचं आयुष्य मिळालेलं आहे, तेव्हा त्याचा अजून पाव हिस्सा जेमतेम उलटलाय. कोडं सुटलं.

आता श्वेत बटू किती दाट असतो ते काढा. व्याध ब ची त्रिज्या सुमारे ५८५० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीपेक्षा जराशी लहान. वस्तुमान सुमारे २.०३ × १०³⁰ किलोग्रॅम. गोलाचं घनफळ ४/३ × π × त्रिज्येचा घन. त्रिज्या मीटरमध्ये करायला विसरू नका, उत्तर ८.४ × १०²⁰ घनमीटर येईल. भागाकार केला की घनता दर घनमीटरला सुमारे २.४ × १०⁹ किलोग्रॅम. एक घन सेंटिमीटर म्हणजे बोराएवढा तुकडा, त्याचं वस्तुमान सुमारे २४०० किलो भरेल. उत्तर अडीच टनांच्या आसपास आलं नाही, तर बहुधा किलोमीटरचे मीटर करताना शून्यं घसरली आहेत.

इतकं दाबूनही तो आणखी का आकसत नाही? इंधन तर संपलंय. इथे तोल सांभाळतात इलेक्ट्रॉन. त्यांना एका मर्यादेपलीकडे एकमेकांत दाटीवाटीने कोंबता येत नाही आणि त्यातून येणारा दाब तापमानावर अवलंबून नसतो. म्हणून श्वेत बटू पूर्ण थंड झाला तरी कोसळत नाही. पण या दाबालाही सीमा आहे. १९३० साली सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हा १९ वर्षांचा तरुण मुंबईहून बोटीने इंग्लंडला शिकायला निघाला आणि प्रवासात त्याने हे गणित मांडलं. गाभ्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटीपलीकडे गेलं तर इलेक्ट्रॉनचा दाब हरतो. पुढे १९८३ साली चंद्रशेखरांना नोबेल मिळालं.

सर्वांत जास्त गुण इथेच जातात. ‘१.४ पेक्षा जास्त वस्तुमानाचा तारा सुपरनोव्हा होतो’ हे वाक्य चूक आहे. १.४ हा आकडा शेवटी उरलेल्या गाभ्याचा आहे, जन्माच्या वेळच्या ताऱ्याचा नाही. जन्मवस्तुमानासाठी वेगळा आकडा वापरतात, साधारण ८. व्याध ब पाच सूर्यांचा जन्मला तरी श्वेत बटूच झाला, कारण आवरण टाकून दिल्यावर गाभा १.४ च्या आत राहिला. तुमच्याकडे हे उदाहरण हाताशी आहे, तर दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात समोरासमोर लिहा.

पायरी ६: दुसरी वाट

जड ताऱ्यासाठी मृगातलाच काक्षी घ्या. तांबूस, ठळक, उघड्या डोळ्यांना सहज दिसणारा महाराक्षसी तारा. जन्माच्या वेळी सूर्याच्या पंधरा-वीस पट असावा आणि वयाने एक कोटी वर्षांच्या आत-बाहेर, म्हणजे तांबडा असला तरी सूर्यापेक्षा वयाने कितीतरी लहान.

अशा ताऱ्यात कार्बनवर गोष्ट थांबत नाही. केंद्र पुन्हा आकसतं, पुन्हा तापतं, आणि कार्बन, निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन असं एकेक इंधन पेटतं. प्रत्येक इंधन आधीच्यापेक्षा लवकर संपतं. २५ सूर्यवस्तुमानाच्या ताऱ्यात हायड्रोजन सुमारे ७० लाख वर्षं पुरतो, कार्बन सुमारे ६०० वर्षं आणि सिलिकॉन जेमतेम एक दिवस. शेवटी लोखंडाचा गाभा उरतो. लोखंडाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही, उलट द्यावी लागते. त्यामुळे इथेही तोल पुन्हा इलेक्ट्रॉनच्या दाबावर येऊन टेकतो आणि लोखंडाचा गाभा १.४ च्या आसपास पोचला की तो दाब हरतो. व्याध ब ज्या रेषेच्या अलीकडे थांबला, तीच रेषा इथे ओलांडली जाते. दोन्ही वाटांना जोडणारा हा आकडा आकृतीत मधोमध ठळक लिहा.

पृथ्वीएवढा गाभा सेकंदाच्या आत कोसळून काही किलोमीटर त्रिज्येचा न्यूट्रॉन गोळा बनतो. बाहेरचे थर उधळले जातात, तो सुपरनोव्हा. ऊर्जेचा सुमारे ९९ टक्के भाग मात्र न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणांबरोबर जातो. आपल्याला दिसणारा झगमगाट उरलेल्यातला. याला पुरावा आहे. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठा मॅजेलनिक मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या स्फोटातून निघालेले न्यूट्रिनो जपान, अमेरिका आणि रशियातल्या उपकरणांनी पकडले, तेही प्रकाश दिसण्याच्या काही तास आधी. आणि फुटलेला तो तारा तांबडा नव्हता, निळा महाराक्षसी होता. म्हणून ‘तांबडा महाराक्षसी ताराच फुटतो’ असं ठामपणे लिहू नका, ‘बहुधा’ घाला.

अवशेषासाठी वृषभ राशीतला खेकडा तेजोमेघ द्या. १०५४ साली चीनमधल्या निरीक्षकांनी तिथे ‘पाहुणा तारा’ नोंदवला, तो २३ दिवस दिवसाढवळ्या दिसत होता. आज तिथे सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा आहे. अशा फिरत्या ताऱ्यांचे, म्हणजे पल्सारचे, रेडिओ संदेश टिपणारी दुर्बीण जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला आहे. जीएमआरटी ती हीच. जन्मवस्तुमान सुमारे २५ पटीपलीकडे असेल तर कृष्णविवर, असं शाळेच्या पुस्तकात असतं. शाळेपुरतं ते चालतं, पण ही सीमा काटेकोर नाही, कारण तारा वाटेत किती वस्तुमान गमावतो त्यावरही शेवट ठरतो.

पायरी ७: आकृती

गोल चक्राची आकृती काढू नका. चक्र काढलं की सुपरनोव्हापासून तेजोमेघाकडे बाण जातो आणि तोच तारा पुन्हा जन्मतो असा समज होतो. झाडाच्या फांदीसारखी दुभंगणारी आकृती काढा. उधळलेला वायू नव्या ढगांत मिसळतो, एवढं तुटक रेषेने दाखवा.

त्याशिवाय आलेख कागदावर हर्ट्झस्प्रुंग-रसेल आकृती काढा. आडव्या अक्षावर तापमान, पण उलटं: डावीकडे ३०,००० केल्व्हिन, उजवीकडे ३,०००. उभ्या अक्षावर तेजस्विता, प्रत्येक खूण आधीच्या दहापट: ०.०१ पासून १,००,००० पर्यंत आठ खुणा बसतात. सूर्य ५८०० केल्व्हिन आणि १. व्याध अ ९९०० आणि २५. व्याध ब २५,००० आणि ०.०२५. काक्षी सुमारे ३५००, तेजस्विता लाखाच्या घरात. एवढे चार ठिपके पुरेत. सूर्य आणि व्याध अ मुख्य क्रमाच्या तिरक्या पट्ट्यावर पडतील, काक्षी उजवीकडे वर, व्याध ब डावीकडे खाली. ब सर्वांत तापलेला, तरी सर्वांत मंद, कारण प्रकाश फेकायला त्याच्याकडे पृष्ठभागच इवलासा आहे. हे वाक्य आकृतीखाली लिहाच.

पायरी ८: जमलं तर एक निरीक्षण

फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास महाराष्ट्रातून दक्षिणेला बघा. मृगातल्या बाणाची रेघ खाली डावीकडे वाढवली की व्याध लागतो, वर उजवीकडे वाढवली की रोहिणी. तेजोमेघ, मुख्य क्रमावरचा तारा, राक्षसी तारा आणि महाराक्षसी तारा असे चार टप्पे एकाच वेळी नजरेत येतात. तारीख, वेळ, ठिकाण आणि प्रत्येकाचा रंग तक्त्यात लिहा. व्याध क्षितिजाजवळ असताना वातावरणामुळे रंग बदलल्यासारखा भासतो, तेव्हा रंगाची नोंद तो वर आल्यावरच करा. मृगातला तेजोमेघ साध्या द्विनेत्रीतून सुंदर दिसतो, पण फोटोतला गुलाबी रंग दिसणार नाही. डोळ्यांना तो करडाच दिसतो आणि नोंदवहीत करडाच लिहायचा. व्याध ब साठी धडपडू नका. अ त्याच्यापेक्षा जवळजवळ दहा हजार पट तेजस्वी आहे, त्यामुळे मोठी दुर्बीण आणि स्थिर हवा दोन्ही असतील तरच तो सुटा दिसतो.

वही देताना तोंडी परीक्षेसाठी एक उत्तर तयार ठेवा, कारण काक्षीचं नाव घेतलंत की प्रश्न येणारच: तो कधी फुटणार? २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत तो खूप मंदावला, तेव्हा बातम्यांत ‘आता फुटणार’ असा गाजावाजा झाला होता. प्रत्यक्षात त्याने बाहेर टाकलेल्या वायूतून धूळ बनली आणि ती मधे आली. तो फुटेल हे नक्की, पण पुढच्या लाखभर वर्षांत केव्हा, हे बाहेरून सांगता येत नाही. आत कोणतं इंधन चालू आहे हे पृष्ठभागावरून दिसत नाही, एवढं कारण उत्तराला जोडा.